सात, तेरा, चोवीस

सांगली

प्रिय दिग्या,

गुडघा ठीक, बीपीची गोळी चालू, एवढं पुरे. मला घरी बसवलंय लेका. कुणा माणसानं नाही, शिकवणीच्या ॲपनं.

काल सकाळी उघडलं तर वर लाल पट्टी: खातं निलंबित, कारण प्लॅटफॉर्मबाहेर संपर्काचा प्रयत्न. खाली अपील करायला एवढीशी चौकट. दहावीचा बीजगणिताचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे. पालकांना मेसेज काय गेला माहितीये? 'आपले शिक्षक सध्या उपलब्ध नाहीत.' म्हणजे ऐन परीक्षेत पळाला तो मीच!

चॅट आता उघडत नाही, पण आदल्या रात्री एका पोरीला काय पाठवलं ते माझ्या वहीत आहे. सांख्यिकीचं गणित. ०-१० पासून ५०-६० पर्यंत सहा वर्ग, आणि वारंवारता एका ओळीत: ७ १३ २४ २० १२ ४. आता मधल्या मोकळ्या जागा काढून वाच. दहा अंक, सुरुवात सातनं. झाला की नाही मोबाइल नंबर? शिक्षक-पालकांनी परस्पर ठरवून कमिशन बुडवू नये म्हणून ते चॅटमधले नंबर गाळणीतून काढतात. गाळणीला मध्यक काय कळणार! ते कारण उलगडून सांगत नाहीत, पण दुसरं दहा अंकी मी काही पाठवलेलंच नाही.

तू आता म्हणणार, तक्ता उभा लिहायचा असतो हे मी तेव्हाच सांगितलं होतं. त्या फळ्यावरून आपलं वाजलं तेव्हा शिंदे सर मधे पडले नसते तर डस्टर माझ्या डोक्यातच बसला असता. उभ्या तक्त्यानं पोरांना गणित जास्त कळतं हे मला अजूनही मान्य नाही. फक्त त्याचा फोन नंबर होत नाही, एवढं तुझं खरं.

जीव अडकलाय तो त्या पोरीत. तिची एकच खोड राहिली होती. एकूण ८०, निम्मे ४०. संचित वारंवारता ७, २०, ४४ अशी चढते, म्हणून मध्यक वर्ग २०-३०. इथवर बरोबर. पुढे सूत्रात आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे २०, घ्यायची. ही बया दर वेळी ४४ घेते. मग ४० वजा ४४ उणे येतं आणि उत्तर निघतं १८.३३. तिला सांगत होतो, सूत्र विसरलीस तरी चालेल, पण उत्तर २०-३० च्या बाहेर गेलं की तिथंच थांब आणि मागची ओळ बघ. २८.३३ यायला हवं. तिनं सोडवून पाठवलंही असेल. मला ते दिसत नाही.

घर माहीत आहे मला. महिन्यातून दोनदा ॲपवरूनच ठरलेल्या तासाला तिथं जाऊन शिकवतो, तिची आजी ताक देते. स्कूटर काढली तर दहा मिनिटं. पण गेलो की आज जो आरोप खोटा आहे तो खरा होतो. अटीत स्पष्ट लिहिलंय: ॲपवरून मिळालेल्या मुलाला परस्पर शिकवायचं नाही. ही म्हणते, "जा हो, कोण बघतंय?" कुणी बघत नाही. पण ॲपच्या पेटीत अडकलेले माझे गेल्या महिन्याचे पैसे ते मग कायमचे ठेवून घेतील, आणि त्यांचं बरोबरच ठरेल.

म्हणून पत्र लिहितोय, चौकटीत नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. अटींमध्ये ते स्वतःला नुसते 'मध्यस्थ' म्हणवतात ना? मग मध्यस्थांना २०२१ चे आयटी नियम लागू: २४ तासांत पोच, ठरलेल्या मुदतीत निकाल. गंमत बघ, निकाल येईपर्यंत पोरं भूमितीचाही पेपर देऊन मोकळी होतील. म्हणून निर्दोष ठरवा असं मागतच नाही. मागतोय एवढंच की ती ओळ एका माणसानं डोळ्यांनी वाचावी, तोवर चालू मुलांपुरतं खातं उघडावं, नाहीतर निदान पालकांना कळवावं की थांबवलंय आम्ही, शिक्षकानं नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडतोय. पहिला मसुदा चार पानी झाला, त्यात तुझे सगळे जुने शब्द आले होते, फाडला.

मधूच्या लग्नाचं कळलं, हॉल मिळाला का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल एव्हाना. सगळं नीट विचारायचं आहे, पुढच्या वेळी.

सोबत मसुदा पाठवतोय. लाल पेनानं कापायची तुझी हौस भागव, पण आज रात्रीच परत पाठव. आणि वारंवारता मी त्यात उभ्या तक्त्यात लिहिल्यात, त्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

तुझा,
बाळ्या