प्लायवूडचे कपाट सहा महिन्यांत फुगल्याबद्दल तक्रार

दि. ४ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक,
(फर्निचर विक्री विभाग)
कोल्हापूर

विषय : तीन दारी कपाट बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणे

महोदय,

आपल्या दुकानातून ४२,००० रुपयांना घेतलेले तीन दारी कपाट जानेवारीच्या शेवटी माझ्या रत्नागिरीच्या घरी पोचले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर आपल्याच माणसाच्या अक्षरात ‘१८ एमएम बीडब्ल्यूआर प्लाय’ असे लिहिलेले आहे. कपाट कोकणात न्यायचे आहे हे मी आधीच सांगितले होते आणि म्हणूनच साध्या प्लायपेक्षा जास्त पैसे मोजून हा प्रकार घेतला होता.

जुलैच्या मध्याला मधले दार खाली घासू लागले. वाकून पाहिले तर कपाटाचा तळ आणि समोरची खालची पट्टी फुगली होती. पट्टीची सनमायका कडेने सुटून वर आली आहे. १८ मिलिमीटरच्या फळीची जाडी तिथे २२ भरते. आत खालच्या कप्प्यातल्या साड्यांना कुबट वास लागला, तो वेगळाच.

फोनवर मला दोन उत्तरे मिळाली. पहिले, ‘भिंतीला ओल असेल.’ कपाट दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला लागून आहे. पलीकडे न्हाणीघर नाही, नळ नाही. शिवाय ओल भिंतीतून आली असती तर आधी पाठीचा पातळ प्लाय खराब झाला असता. तो सरळ आणि कोरडा आहे. फुगवटा जमिनीपासून सुरू होतो आणि वर साधारण वीतभर जाऊन थांबतो. म्हणजे फरशी पुसताना लागणारा ओलावा आणि पावसाळी हवा खालच्या उघड्या कडेतून आत शिरली. दिसणाऱ्या कडांना पट्टी लावलेली आहे, जमिनीवर टेकणारी कड मात्र तशीच कोरी सोडली आहे.

दुसरे उत्तर, ‘पाऊस संपला की बसेल.’ हे ऐकल्यावर मी ओळखीच्या सुताराला बोलावले. त्याने खालची पट्टी सोडवली आणि तिची कड उजेडात धरली. प्लायमध्ये एकावर एक पातळ थर दिसतात, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या. इथे थर नव्हतेच. नख लावले की भुसा गळत होता. तळाची फळीही तशीच निघाली. हे पार्टिकल बोर्ड आहे, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. ओलाव्याने तो चुरा एकदा फुलला की वाळल्यावरही पहिल्या जाडीला परत येत नाही. ते बसेल, हे आपल्या कारागिरांनाही पटणार नाही.

मग स्टुलावर चढून कपाटाचा माथा पाहिला. वरच्या अंगाला सनमायका लावलेली नाही, त्यामुळे प्लायवरचा शिक्का स्पष्ट वाचता येतो : आयएस ३०३, एमआर. फोटो जोडला आहे. एमआर म्हणजे घरातल्या साध्या दमटपणापुरता प्लाय. बीडब्ल्यूआरचा डिंक उकळत्या पाण्यातल्या चाचणीत टिकावा लागतो, फरक आहे तो तिथेच. म्हणजे वरचा भाग बिलापेक्षा खालच्या दर्जाचा आणि तळ तर प्लायच नाही.

बिलामागे ‘पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत नाही’ असे छापले आहे, हे मला फोनवर वाचूनही दाखवण्यात आले. पण माझी तक्रार पाण्याबद्दल नाही. लिहिलेला माल दिलेला नाही, ही तक्रार आहे. ती वॉरंटीच्या आधीची गोष्ट झाली.

आपण सुचवलेली ‘खालची पट्टी बदलून देतो’ ही तडजोड मला मान्य नाही. तळ बोर्डाचाच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात हेच होणार. बिलात लिहिलेल्या दर्जाचे नवे कपाट द्यावे, आणि सनमायका चढवण्यापूर्वी फळ्यांवरच्या शिक्क्यांचे फोटो मला पाठवावेत. ते जमणार नसेल तर ४२,००० रुपये परत करून हे कपाट आपल्या खर्चाने घेऊन जावे. सुटलेली पट्टी मी जपून ठेवली आहे. कोणीही येऊन पाहू शकते, फक्त आदल्या दिवशी कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दुकान कोल्हापुरात असले तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही.

आपली,
ग्राहक, रत्नागिरी

सोबत : बिलाची प्रत, माथ्यावरच्या शिक्क्याचा, फुगलेल्या तळाचा आणि पट्टीच्या कडेचा फोटो