तक्रार: बेदाणा-खजूर लाडूच्या लिस्टिंगवर लिहिलंय एक आणि पाकिटावर छापलंय दुसरंच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि ऑनलाइन लिस्टिंग बघणारी टीम

विषय: लिस्टिंगमधून सल्फाइट आणि शेंगदाणे गायब, टिकण्याचा काळ चुकीचा, लिस्टिंग दुरुस्त करणे आणि पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार,

मी सांगलीहून लिहितेय. तुमच्या अ‍ॅपवरून आमच्या सासूबाईंसाठी बेदाणा-खजूर लाडूचं 400 ग्रॅमचं पाकीट मागवलं. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि धुरी दिलेला पिवळा बेदाणा खाल्ला की त्यांची छाती आवळते, त्यामुळे डॉक्टरांनी सल्फाइट असलेलं काही द्यायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय. म्हणून मी लिस्टिंग नीट वाचूनच ऑर्डर टाकली. त्यात लिहिलं होतं "घटक: बेदाणे, खजूर, काजू, बदाम, तूप व इतर नैसर्गिक घटक", खाली "नट्सचा अंश असू शकतो", आणि फोटोवर मोठ्ठा हिरवा शिक्का "प्रिझर्व्हेटिव्ह नाही".

पाकीट आलं, मागची बाजू वाचली तर तिथे होतं: खजूर, शेंगदाणे, बेदाणे (प्रिझर्व्हेटिव्ह आयएनएस 220), गूळ, काजू, तूप, बदाम. आणि त्याखाली ठळक अक्षरात, यात शेंगदाणे, काजू, बदाम, दूध आणि सल्फाइट आहे. आयएनएस 220 म्हणजे सल्फर डायऑक्साइड. पाकीट फोडलंच नाही, तसंच ठेवलंय.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं की मॅडम पाकिटावर सगळं लिहिलेलंच आहे की, आणि खाण्याची वस्तू परत घेत नाही. हेच मला पटलेलं नाही. पाकीट हातात येतं पैसे दिल्यावर. दुकानात मी पाकीट उलटून बघते आणि नको असेल तर परत ठेवते, ऑनलाइन ती सोय नाही, म्हणूनच 2020 च्या लेबलिंग नियमांत ऑनलाइन विक्रीसाठी लेबलवरची बंधनकारक माहिती विक्रीच्या आधी ग्राहकाला दाखवायला सांगितलीये. सूट आहे ती बॅच नंबर आणि तारखांसारख्या दर लॉटला बदलणाऱ्या गोष्टींना, घटक आणि अ‍ॅलर्जीच्या माहितीला ती सूट नाही.

मी कुपवाड एमआयडीसीत एका मसाल्याच्या युनिटमध्ये लेबल तपासायचंच काम करते, त्यामुळे ही गडबड कुठे होते याचा मला अंदाज आहे. लिस्टिंग लिहिणारा माणूस विचार करतो की आम्ही लाडवात प्रिझर्व्हेटिव्ह टाकतच नाही, मग "नाही" लिहायला काय हरकत. अहो पण ते बेदाण्यातून येतं ना. आमच्या तासगाव भागात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात, आणि तो सोनेरी पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ती धुरी बेदाण्यात मुरते आणि त्याच्यासोबतच तुमच्या लाडवात येते. बेदाणा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, आमच्या जिल्ह्याचं ते पीक आहे आणि त्याच्यावर इथली घरं चालतात, पण ज्याला चालत नाही त्याला आधी कळलं पाहिजे.

नियमात मर्यादा आहे किलोला 10 मिलिग्रॅम, सल्फाइट तेवढं किंवा त्याहून जास्त असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहावंच लागतं. आता हिशोब बघा. समजा बेदाण्यात किलोला 500 मिलिग्रॅम आहे आणि लाडवात बेदाणा 15 टक्के आहे, तर लाडवात किलोला 75 मिलिग्रॅम झालं. अगदी हलकी धुरी धरली, 100 मिलिग्रॅम, तरी 15 येतं, म्हणजे मर्यादेच्या वरच. तुमच्या फॅक्टरीतल्या माणसांनी हे ओळखून पाकिटावर बरोबर छापलंय. मग लिस्टिंग लिहिणाऱ्यापर्यंत ते पोचलं का नाही? बेदाणा देणाऱ्याकडून त्या लॉटचा सल्फर डायऑक्साइडचा रिपोर्ट मागवला असता तरी "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" हा शिक्का तिथं लागलाच नसता.

शेंगदाण्याचं तर मला जास्तच गंभीर वाटतं. घटक वजनाने जास्त ते आधी अशा उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पाकिटावर शेंगदाणा दोन नंबरला आहे, म्हणजे वजनात बेदाण्याच्याही पुढे, आणि लिस्टिंगमध्ये त्याचा पत्ताच नाही, उलट तिसऱ्या नंबरचा बेदाणा पहिला लिहिलाय कारण लाडवाच्या नावात तो आहे. शेंगदाणा बहुतेक त्या "इतर नैसर्गिक घटक" मध्ये गेला. असं "इतर" म्हणून घटक गुंडाळता येत नाहीत. ज्या लेकराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या आईने हे वाचून डब्यात लाडू दिला असता तर? आणि "नट्सचा अंश असू शकतो" हे वाक्य तर साफ चुकीच्या जागी आहे, ते त्याच मशीनवर दुसरा माल बनतो म्हणून चुकून कण येऊ शकतात तेव्हा लिहायचं असतं. काजू बदाम तुम्ही स्वतः मोजून घालताय, तिथे "आहे" असंच लिहायला पाहिजे.

तारखेचं पण बघा. लिस्टिंगवर टिकण्याचा काळ 6 महिने, पाकिटावरच्या तारखा मोजल्या तर 4 महिने, आणि माझ्या हातात आलं तेव्हा युज बाय तारखेला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की डिलिव्हरीच्या वेळी निदान 30 टक्के काळ किंवा 45 दिवस शिल्लक पाहिजेत. 4 महिन्यांचे 30 टक्के म्हणजे 36 दिवस, हे त्यातही बसत नाही. साठवणुकीचं लिस्टिंगवर फक्त "थंड कोरड्या जागी ठेवा" आहे, पाकिटावर मात्र उघडल्यावर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवून 15 दिवसांत संपवा असं आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं 400 ग्रॅम लाडू 15 दिवसांत संपवू शकत नाहीत, हे आधी कळलं असतं तर छोटं पाकीट घेतलं असतं.

लिस्टिंगवर निदान एवढं तरी टाका, सगळं तुमच्याच पाकिटावरून घेतलंय:

"घटक: खजूर, शेंगदाणे, बेदाणे (प्रिझर्व्हेटिव्ह आयएनएस 220), गूळ, काजू, तूप, बदाम. अ‍ॅलर्जीची सूचना: यात शेंगदाणे, काजू, बदाम, दूध आणि सल्फाइट आहे. टिकण्याचा काळ: बनवल्यापासून 4 महिने. साठवण: थंड, कोरड्या जागी. उघडल्यावर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, 15 दिवसांत संपवा."

सोबत पाकिटाच्या मागच्या बाजूचा वाचता येईल असा फोटो लावा, आणि रेसिपी किंवा बेदाण्याचा पुरवठादार बदलला की पाकीट आणि लिस्टिंग दोन्ही एकाच दिवशी बदला. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" शिक्का आजच्या आज काढा, त्याला आठ दिवस लागायचं काही कारण नाही. ज्यांनी जुनी लिस्टिंग वाचून हे लाडू घेतलेत त्या सगळ्यांना शेंगदाणे आणि सल्फाइटचा मेसेज पाठवा, माझे पैसे परत द्या आणि बंद पाकीट घेऊन जा.

लेखी उत्तर आठ दिवसांत द्यावं. नाही आलं तर फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आहे. लिस्टिंगचे स्क्रीनशॉट, पाकिटाचे फोटो आणि बिल या पत्रासोबत जोडलंय.

आपली ग्राहक,
विश्रामबाग, सांगली