कार्यभार सोपवताना केलेले भाषण

नाशिक,
५ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या महिन्यात तुझीही बदली होत असून नव्या साहेबांची ओळख तुलाच करून द्यायची आहे, म्हणून मी ३१ मेला निरोपाच्या सभेत काय बोललो ते सविस्तर कळव, असे तू लिहिले आहेस. भाषण आठ मिनिटांचेच होते, पण त्याची तयारी मी आठवडाभर करत होतो.

आपल्याकडे निरोपसमारंभ कसा होतो ते तू जाणतोसच. तासभर जाणाऱ्याचे गुणगान होते, शाल-श्रीफळ होते, आणि येणारा अधिकारी कडेच्या खुर्चीवर अवघडून बसलेला असतो. शेवटी सगळ्यांचे लक्ष चहाकडे लागलेले असताना त्याला गुच्छ देऊन ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात. मी दप्तर कारकुनांना आधीच सांगून क्रम उलटा करून घेतला. पहिले भाषण माझे, त्यात फक्त नव्या मॅडमची ओळख आणि कामाची सोपवणूक, सत्कार त्यानंतर. शिवाय कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर सह्या सभेच्या आधी केबिनमध्ये न करता भाषण संपताच सर्वांसमोर करायचे ठरवले. सही होईपर्यंत मी अधिकारी होतो, त्यामुळे प्रलंबित कामांविषयी अधिकाराने बोलू शकत होतो. सही झाल्यावर तेच बोलणे आगंतुक सल्ला ठरले असते.

ओळख करून देताना विशेषणे वापरायची नाहीत, हे मी फार पूर्वीच्या एका अनुभवावरून शिकलो. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात मी रुजू झालो तेव्हा जाणाऱ्या साहेबांनी मोठ्या कौतुकाने सांगितले, “आता येणारे साहेब फार कडक आहेत, सांभाळून राहा.” त्यांचा हेतू चांगलाच होता, परंतु त्या एका वाक्यामुळे पुढचे सहा महिने कालव्याची गळती असो की चुकलेली मोजणी असो, कोणतीही वाईट बातमी माझ्यापर्यंत वेळेवर आली नाही. म्हणून मी मॅडमना आधीच विचारून घेतले की, तुमच्या नोकरीतली कोणती गोष्ट सांगितलेली तुम्हाला चालेल? त्या दोन दिवस अगोदर येऊन माझ्याबरोबर कालव्यावर फिरत होत्या, तेव्हा त्यांनी सांगितलेला प्रसंगच मी सभेत सांगितला. मागच्या ठिकाणी रात्री भराव खचून कालवा फुटला, तेव्हा वरचे दरवाजे बंद करून घेऊन, वाळूच्या गोण्यांनी भगदाड बुजेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. आणि गळतीची खबर संध्याकाळीच देणाऱ्या पाटकऱ्याचे नाव त्यांनी आपल्या अहवालात पहिल्या परिच्छेदात लिहिले. एवढे सांगून मी थांबलो. मागच्या रांगेतले पाटकरी एकमेकांकडे पाहू लागले, आणि वाईट बातमी या बाईंकडे निर्धास्त नेता येईल हे मला वेगळे सांगावे लागले नाही. बाई अधिकारी प्रथमच येत आहेत याचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. केला असता तर तीच त्यांची ओळख होऊन बसली असती.

त्यानंतर मी कर्मचाऱ्यांची ओळख मॅडमना करून दिली, आणि तीही हुद्द्याने नव्हे, कामाने. कालव्याच्या मुखाशी सोडलेले पाणी शेपटाच्या चारीला किती तासांनी पोहोचते ते कागदावर न पाहता सांगणारे कालवा निरीक्षक कोण, पुरात रात्रभर दर तासाला पातळी वाचून कळवणारे चौकीदार कोण, शेतकऱ्यांचे पाणी मागणीचे नमुना नंबर सातचे अर्ज कोणाकडे आहेत, हे एकेकाला उभे करून सांगितले. ज्यांच्याविषयी माझी तक्रार होती त्यांचेही काम सांगितले, तक्रार सांगितली नाही. ती गोपनीय अहवालात लिहून झाली होती, आणि भरसभेत नव्या अधिकाऱ्याच्या मनात एखाद्याविषयी गाठ बांधून जाण्याचा मला अधिकार नव्हता.

भाषणाचा मुख्य भाग मात्र तोंडी दिलेल्या शब्दांचा होता. फाइलमधली कामे यादीत येतात. तोंडी शब्द कुठेच लिहिलेला नसतो आणि अधिकारी गेला की तो मरतो. माझ्याकडे असे दोन शब्द शिल्लक होते. पहिला शेपटाकडच्या शेतकऱ्यांना दिलेला: येत्या रब्बीत पहिले आवर्तन शेपटाकडून मुखाकडे भिजवत आणू. तो मी सभेत उघड सांगितला आणि पुढे म्हणालो, “हा माझा शब्द आहे, आदेश नव्हे. धरणात साठा किती होतो ते १५ ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होताना कळेल, आणि निर्णय मॅडम घेतील. पण शब्द दिला होता हे कोणी नाकारू नये.” यातले दुसरे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ते नसते तर मी माझे वचन त्यांच्या गळ्यात बांधून निघून गेलो असतो.

दुसरा शब्द रजेचा होता. १ जूनपासून पूर नियंत्रण कक्ष सुरू होतो आणि पावसाळ्यात रजा सहसा मिळत नाहीत. एका कारकुनाच्या मुलीचे लग्न जूनच्या मध्यावर आहे आणि आठ दिवस सोडण्याचे मी कबूल केले होते. मी तसाच निघून गेलो असतो तर मॅडमनी नियमाप्रमाणे रजा नाकारली असती आणि पहिल्याच पंधरवड्यात त्यांच्याविषयी कडवटपणा आला असता; मी सभेत जाहीर केले असते तर त्यांचे हात बांधले गेले असते. म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघांनी बसून नियंत्रण कक्षाची पाळीपत्रके पाहिली, बदली माणूस शोधला, आणि सभेत मी फक्त इतकेच म्हणालो की एका रजेचा विषय मॅडम सांगतील. त्यांनी ती मंजूर केल्याचे स्वतः सांगितले. या कार्यालयातला त्यांचा पहिला निर्णय असा त्यांच्याच तोंडून सर्वांनी ऐकला.

तूही हे जरूर कर. आणि “मी नाशिकमध्येच आहे, कधीही फोन करा” असे मात्र म्हणू नकोस. ते वाक्य माझ्या अगदी ओठावर आले होते, कारण या माणसांत माझा जीव गुंतला आहे. पण त्याने कार्यालयात दोन साहेब होतात. मी सांगितले की जुन्या कागदांविषयी काही लागले तर ३० जूनपर्यंत मॅडम मला विचारतील, बाकीच्यांनी मॅडमना विचारावे. मग सह्या झाल्या, मी उठून त्यांना मधली खुर्ची दिली आणि कडेच्या खुर्चीवर बसलो. सत्कार तिथेच बसून घेतला.

परवा संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि रात्री साडेनऊला चौकीदाराचा फोन आला. होळकर पुलाखाली पाणी वाढते आहे, पण धरणातून काही सोडलेले नाही, हे कसे कळवायचे, असे तो विचारत होता. धरण आणि पूल यांच्या मधल्या भागात पडलेले पाणी नदीत येते, हे उत्तर माझ्या तोंडावर होते. मी ते दिले नाही. मॅडमना लावा, असे म्हणून फोन ठेवला आणि अस्वस्थ होऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. काल सकाळी त्याचाच निरोप आला: मॅडमनी पाचच मिनिटांत आकडा लिहून घेतला आणि दर तासाला कळवायला सांगितले. त्यानंतर रात्री मला कोणाचाही फोन आला नाही.

तुझ्याकडे तोंडी दिलेले शब्द कोणते शिल्लक आहेत, त्यांची यादी आजच करायला घे आणि मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र