तो १८९४ चा कायदा दाखवा की!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जाझच्या जन्मावरचा लेख वाचला, छान होता, फोटो तर मस्तच. पण एक वाक्य घशात अडकलं म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की १८९४ साली लुइझियाना राज्यात कायदा झाला आणि न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल लोकांना एका रात्रीत ‘निग्रो’ ठरवलं, मग हे शिकलेले, नोटेशन वाचणारे क्रिओल वादक कॅनाल स्ट्रीट ओलांडून अपटाऊनच्या काळ्या वस्तीत आले, तिथल्या कानाने वाजवणाऱ्यांशी त्यांची गाठ पडली आणि जाझ जन्मला. गोष्ट म्हणून भारी आहे, मीही कित्येक वर्षं हीच सगळ्यांना ऐकवत होतो. प्रॉब्लेम एवढाच की असा कायदा नव्हताच.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, क्रिओल म्हणजे फ्रेंच बोलणारे, कॅथलिक, मिश्र रक्ताचे लोक, बरेचसे यादवी युद्धाच्या आधीपासूनच स्वतंत्र असलेल्या घराण्यांतले आणि हातात कसब असलेले. मॅन्युएल पेरेझ कॉर्नेट वाजवायचा आणि सिगार वळायचा, अल्फोन्स पिकू क्लॅरिनेट वाजवायचा आणि पत्र्याची कामं करायचा. हे लोक डाऊनटाऊनला राहायचे, अपटाऊनला मात्र मळ्यांवरून शहरात आलेली, इंग्रजी बोलणारी, बाप्टिस्ट कुटुंबं जास्त.

जाझच्या पुस्तकांत हा कायदा ‘लेजिस्लेटिव्ह कोड नंबर १११’ अशा थाटात येतो, आणि नंबर दिला की आपण गप्प बसतो. जेरा जॉन्सन नावाच्या इतिहासकाराने २००० साली लेख लिहून दाखवून दिलं की १८९० च्या दशकातल्या कायद्यांबद्दल जाझवाले एकमेकांचंच उतरवून घेत आलेत. आता गंमत बघा. १११ नंबरचा कायदा खरंच आहे, पण तो १८९० चा आणि रेल्वेचा, गोऱ्यांचे डबे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. होमर प्लेसी याच कायद्याखाली १८९२ ला पकडला गेला आणि १८९६ ला सुप्रीम कोर्टात हरला, आणि तो स्वतः क्रिओलच. १८९४ ला पण कायदा झाला, पण तो काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदी घालणारा. माझा अंदाज असा की कुणीतरी एकाचा नंबर आणि दुसऱ्याचं साल चिकटवलं, आणि पुढच्यांनी मूळ कागद उघडलाच नाही.

शिवाय एक उलटा पुरावा आहे, तो मला जास्त आवडतो. १९१० मध्ये लुइझियानाच्याच सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रेडवे नावाची केस आली, प्रश्न होता की आठवा हिस्सा काळं रक्त असलेली बाई कायद्याच्या भाषेत ‘निग्रो’ होते का, आणि कोर्ट म्हणालं नाही, ‘निग्रो’ वेगळा आणि ‘कलर्ड’ वेगळा. मग विधिमंडळाला कायद्यातला शब्दच बदलावा लागला. १८९४ लाच सगळे क्रिओल एका फटक्यात निग्रो ठरले असते तर १६ वर्षांनी कोर्टाला हा कीस पाडायची गरजच काय होती?

मग गोष्ट सगळीच खोटी का? नाही, आणि खरी मजा इथेच आहे. लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने १९३८ मध्ये जेली रोल मॉर्टन या क्रिओल पियानोवाल्याची लांबलचक मुलाखत लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्ड केली, नंतर १९४९ ला न्यू ऑर्लिन्सला जाऊन म्हाताऱ्या क्रिओल वादकांना बोलतं केलं. त्यातला पॉल डोमिंगेझ हा व्हायोलिनवाला जे सांगतो त्याचा मतलब असा की आम्हा डाऊनटाऊनवाल्यांना ते अपटाऊनचं रांगडं वाजवणं काही खास वाटत नव्हतं, पण दुसरं करून पोट भरेना तेव्हा वाजवावं लागलं. आता हे कसं तोलायचं? चाळीसेक वर्षांनंतरची आठवण आहे, आणि विचारणारा लोमॅक्स आधीच ‘दोन वस्त्यांची गाठ’ ही थिअरी मनात घेऊन बसलेला, म्हणजे तारखा आणि क्रम यांवर विसंबू नये. पण डोमिंगेझ फुशारकी मारत नाहीये, उलट आपल्या लोकांना नाक मुरडता मुरडता माघार घ्यावी लागली हे कबूल करतोय. स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट माणूस सहसा रचून सांगत नाही, म्हणून तेवढ्या भागाला इतिहासकार वजन देतात. कागदसुद्धा त्याच्या बाजूने बोलतात. १८९८ च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार जवळपास संपवला, राज्यात १ लाख ३० हजारांवर असलेले काळे मतदार १९०० पर्यंत ५ हजारांवर आले, १९०२ ला ट्रामसुद्धा वेगळ्या झाल्या. म्हणजे दाब होता, पण वर्षानुवर्षं हळूहळू आवळत गेलेला.

याच्या अगदी उलटं उदाहरण मॉर्टनचं. त्याने १९३८ ला जाहीरच केलं की १९०२ मध्ये जाझ मी निर्माण केलं. जन्म १८८५ चा सांगायचा. मग जाझचे अभ्यासक लॉरेन्स गुशी यांनी चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला शोधला तर १८९० निघालं, म्हणजे जाझ ‘निर्माण’ केलं तेव्हा साहेब बारा वर्षांचे! बरं, पहिल्या महायुद्धातल्या भरतीच्या कार्डावर १८८४ आहे, तोही सरकारी कागदच की. पण कार्डावर माणूस स्वतः सांगेल ते लिहितात, बाप्तिस्म्याची नोंद पाद्र्याने त्याच वेळी केलेली असते आणि तान्ह्या पोराला वय वाढवून काही मिळणार नसतं. ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं पण तेच, जन्मभर ४ जुलै १९०० सांगितलं, दाखला निघाला ४ ऑगस्ट १९०१ चा. आपल्याकडे निम्म्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला कसा काय येतो हे माहीत असलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटू नये, माझ्या आजोबांचा तर शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ठरवला होता.

पण नुसते कागद धरून बसलं तरी फसतोच. बडी बोल्डन, ज्याला पहिला जाझवाला म्हणतात, त्याच्याबद्दल १९३९ पासून छापून येत होतं की तो न्हावी होता आणि एक गॉसिप पत्रक चालवायचा. संशोधक डोनाल्ड मार्क्विस यांनी शहराच्या डिरेक्टऱ्या, जनगणना, पोलिसांच्या नोंदी उपसल्या आणि १९७८ मध्ये दोन्ही गोष्टी निकालात काढल्या, डिरेक्टरीत तो आधी प्लास्टर करणारा आणि मग म्युझिशियन. पण तो वाजवायचा कसा हे कुठल्याच डिरेक्टरीत नाही, एकही रेकॉर्ड उरलेली नाही, त्यासाठी परत म्हाताऱ्यांच्या आठवणींकडेच जावं लागतं. बरं, तिथल्या मोठ्या पेपरांवर भरवसा ठेवावा तर १९१८ च्या अग्रलेखात जाझ म्हणजे शहराला लागलेला डाग असं लिहिलंय. (रागावू नका, तुमच्या धंद्यातले लोक होते.)

आजच्या अभ्यासकांचं भांडण वेगळं आहे. थॉमस ब्रदर्स म्हणतात मूळ जोर अपटाऊनचा, मळ्यांवरून आलेल्या लोकांचा आणि त्यांच्या चर्चमधल्या गाण्याचा. ट्युलेन विद्यापीठातला जाझ संग्रह वर्षानुवर्षं सांभाळलेले ब्रूस रेबर्न सांगतात की वस्त्या इतक्या सरळ वाटलेल्या नव्हत्याच, क्रिओल, सिसिलियन सगळे गोधडीसारखे एकमेकांत मिसळून राहायचे. बोल्डनच्या फर्स्ट स्ट्रीटवरच आयरिश आणि जर्मन शेजारी होते. मला स्वतःला रेबर्न वस्त्यांबद्दल आणि ब्रदर्स कानाबद्दल पटतात, कारण शेजारी राहणं वेगळं आणि एका स्टेजवर वाजवणं वेगळं, आणि जनगणनेच्या कागदात फक्त पहिलं दिसतं.

तर पुढच्या अंकात १८९४ ची दुरुस्ती छापा एवढीच विनंती, आणि लेखकाकडे तो कोड नंबर १११ खरंच असला तर त्याची झेरॉक्स मला पाठवा, पोस्टेज मी भरतो.

आपला,
एक जुना वाचक, मिरज