तुमच्या व्याह्यांच्या शोकसभेबद्दल

लॉस एंजेलिस

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर धड काही सांगता आलं नाही, सारखं रडूच येत होतं. तुमच्या व्याह्यांची शोकसभा रविवारी झाली. सगळे काळ्या कपड्यांत, फोटोपाशी पांढरी फुलं आणि मेणबत्त्या, येणाऱ्याच्या हातात खजूर आणि हलवा. हलवा अम्मेनं केला होता. अम्मे म्हणजे सख्खी आत्या. आई, कणीक तांबूस होईपर्यंत भाजून त्यात साखर, केशर, गुलाबपाणी घालतात. तो वास अजून माझ्या ओढणीला आहे.

पण आज लिहायला बसले ते भाषणासाठी. तुमच्या जावयानं वडिलांवर दोन पानं लिहिली, ती इंग्रजीत. इथेच शिकल्यामुळे त्याची फारसी घरात बोलण्यापुरती, वाचणं अडखळत. सभेत मात्र निम्मे लोक इंग्रजी न समजणारे, आणि शिराझची मंडळी फोनवरून बघणार. म्हणून दोन रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर अम्मेनं ते फारसीत आणलं. मी चहा करत ऐकत होते.

पहिलंच वाक्य अडलं. 'माझे वडील मंगळवारी वारले,' याला सरळ क्रियापद आहे 'मोर्द'. अम्मे म्हणाली, बापाबद्दल असं कुणी बोलतं का? तिनं लिहिलं 'फौत कर्दंद'. बाबा, आजोबा गेल्यावर तुम्ही तलाठ्याकडे फौती नोंद करायला गेला होतात ना, तोच हा फौत! शेवटचा 'अंद' अनेकवचनाचा, म्हणजे आपण 'गेले' म्हणतो तसा मान. इंग्रजीत वडील आणि शेजारचा पोरगा एकाच क्रियापदात बसतात. अम्मेला दोन्ही पानांतली वडिलांची क्रियापदं एकेक करून आदरार्थी करावी लागली. एक जरी एकेरी राहिलं असतं तर पहिल्या रांगेला टोचलं असतं.

मीही एका ठिकाणी तोंड घातलं. 'फार कष्ट केले' याला मी म्हटलं, मेहनत लिहा की, तुमचाच शब्द. अम्मेनं माझा हात धरला. म्हणाली, आमच्याकडे मेहनत म्हणजे दुःख, हालअपेष्टा. कष्टाला ती 'जहमत' म्हणते.

दुसऱ्या रात्री त्यानं मोठ्यानं वाचून पाहिलं. फारसीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'मर्द' आणि 'मोर्द' कागदावर अगदी सारखे दिसतात. 'ते कमी बोलणारे गृहस्थ होते' या वाक्यात त्यानं 'मर्द' चा उच्चार 'मोर्द' केला. जो शब्द अम्मेनं पहिल्या ओळीतून काढला होता, तोच चौथ्या परिच्छेदात त्याच्या तोंडून आला. तिघंही गप्प झालो. मग अम्मेनं लाल पेन घेतलं आणि जिथे चुकण्याची भीती होती तिथे अक्षरावर छोटी तिरकी रेघ दिली. त्या खुणेला 'जबर' म्हणतात, तिनं 'अ' वाचायचं हे कळतं. पोरांच्या पहिलीच्या पुस्तकातच असतात म्हणे अशा रेघा.

सर्वांत जास्त वेळ एका वाक्यानं खाल्ला. त्यानं लिहिलं होतं, 'वडील मला रोज सांगत की तुझ्यासाठी मी जीव देईन.' इंग्रजीत वाचताना अंगावर काटा येतो. पण वडील मुळात म्हणत होते 'गोर्बुनेत बेरम', तुझ्यावरून मी कुर्बान जाईन. हे इराणी माणूस भाजीवाल्यालासुद्धा म्हणतो. म्हणजे हे वाक्य आधीच एकदा भाषांतरित झालेलं होतं, आणि आता ते आपल्या घरी परत निघालं होतं. परत गेल्यावर त्याचं वजन उरेना. त्याला ते काढवेना. शेवटी अम्मेनं एक ओळ वाढवली: सगळे बाप म्हणतात ते माझेही म्हणत, पण मी दुसऱ्या भाषेत वाढलो, म्हणून मला तो शब्द न् शब्द खरा वाटायचा. मला ती मूळ लिखाणाहूनही आवडली, आणि आई, त्यानं मग ती इंग्रजीतही घातली.

शेवट मात्र सोपा गेला. फारसीतही वडिलांना 'बाबा'च म्हणतात, आणि गंमत म्हणजे बापही लेकराला 'बाबाजान' अशीच हाक मारतो. इंग्रजीत हे समजावायला तीन ओळी खर्ची पडल्या होत्या. अम्मेनं त्या तिन्ही खोडल्या आणि वडिलांची फोनवरची हाक तेवढी ठेवली.

रविवारी त्यानं फारसी भाग स्वतः वाचला, लाल रेघांवर बोट ठेवत. 'मर्द' बरोबर आला. शेवटी 'बाबाजान' म्हणून तो थांबला, पुढचं वाचवेना. तेव्हा पहिल्या रांगेतले त्याचे म्हातारे काका, कुणीतरी आपल्यालाच बोलावल्यासारखे, हळूच म्हणाले, 'जानम.' तिकडे हाकेला असाच ओ देतात.

चाळिसाव्या दिवशी पुन्हा सगळे जमतील. तोवर अम्मे आमच्याकडेच आहे. बाबा, तुम्ही पाठवलेल्या चार ओळी तिला वाचून दाखवल्या, तिनं त्या फारसीत करून फोटोमागे ठेवल्यात.

तुमची लेक