पोटरी धरली त्या रात्रीच्या निरोपाबद्दल, सर

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

मुंबईहून परतल्यावर प्रत्यक्ष भेटून आभार मानले होते, पण त्या वेळी धड बोलता आलं नाही. शिवाय जे घडलं ते आपल्या धावण्याच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना कळावं असंही वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. मुंबई मॅरेथॉन १९ जानेवारीला, म्हणजे बरोबर आठ आठवडे हातात होते. त्या दिवशी तुम्ही दिलेल्या सरावाच्या तक्त्यात ३० किलोमीटर होते, कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या रस्त्याला. वाघबीळचा चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात उजव्या पोटरीत, खूप आत, कुणीतरी पिळा घातल्यासारखं झालं. काही तुटल्याचा आवाज नाही, झटका नाही. म्हणून मी थांबले नाही. आणखी चार किलोमीटर तशीच ओढत गेले आणि मग मात्र पाय टेकवेना. खाली गाडीनं आले.

रात्री तुम्हाला निरोप टाकला, तो अजून फोनमध्ये आहे. "सर, पोटरी धरलीय. दोन-तीन दिवसांत बरी होईल. राहिलेले ३० आणि ३२ डिसेंबरमध्ये कुठे बसवता येतील ते बघून तक्ता बदलून द्याल का?" आज वाचताना लक्षात येतं की त्यात तुम्हाला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नव्हती. दुखतंय कुठे हे नव्हतं, कशानं दुखतं हे नव्हतं. होती ती फक्त राहिलेल्या किलोमीटरची काळजी.

दुसऱ्या कुणी लगेच नवा तक्ता पाठवला असता. तुम्ही चार प्रश्न पाठवलेत. एका बोटानं दाखवता येईल अशी जागा आहे का, की सगळी पोटरी दुखते? गुडघा सरळ ठेवून टाच उचलली तर जास्त दुखतं, की गुडघा वाकवून? उद्या सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं कशी पडतात? आणि गेल्या तीन आठवड्यांत काय बदललं? शेवटी एक ओळ होती: "हे उद्या सकाळी बघून लिहा, आत्ता अंदाजानं नको. बसल्याबसल्या दुखत असेल, पोटरी सुजली किंवा गरम लागली, तर माझी वाट न बघता डॉक्टरांकडे जा."

सकाळी मी भिंतीला हात लावून उभी राहिले. गुडघा सरळ ठेवून टाच उचलली, थोडं ओढल्यासारखं झालं, पण जमलं. गुडघा किंचित वाकवून तेच केलं आणि पोटरीच्या खालच्या भागात, बाहेरच्या बाजूला, आत खोलवर असं चिमटलं की हात भिंतीवरून सुटला. तो फरक कळला त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की या दुखण्याला काहीतरी पत्ता आहे.

डॉक्टरांनी आधी शिरेत रक्ताची गाठ नाही ना हे तपासलं. सोनोग्राफीत फारसं काही दिसलं नाही, पण ही इजा खोल असते आणि सोनोग्राफीत बरेचदा निसटते, असंही त्यांनी सांगितलं. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसतो तो गुडघ्याच्या वरून निघतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. त्याच्या खालचा सपाट स्नायू, सोलियस, गुडघ्याच्या खालून निघतो. म्हणून वाकल्या गुडघ्यानं टाच उचलताना मुख्य भार त्याच्यावर येतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात तोच सगळ्यात जास्त राबतो, आणि ताणला गेला तरी ओरडत नाही, नुसता घट्ट होत जातो. माझ्या वाघबीळच्या चार किलोमीटरचं उत्तर इथं होतं.

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र मला दिवस लागला. काही बदललं नाही असंच मी लिहिणार होते. मग दारातल्या चपलांच्या मांडणीकडे लक्ष गेलं. पंधरा दिवसांपूर्वी नवे बूट घेतले होते. जुन्यात टाच पंजापेक्षा १० मिलिमीटर उंच, नव्यात फक्त ४. टाच खाली गेली की पोटरीला प्रत्येक पावलाला जास्त ताणावं लागतं, आणि त्याच बुटांत मी घाट चढायला गेले.

मग मी दुसरा निरोप लिहिला. तो पहिल्यापेक्षा लांब होता, पण तुम्हाला त्यातून काम करता आलं. जागा, वाकल्या गुडघ्याचं दुखणं दहापैकी सहा, सरळ गुडघ्याचं दोन, सकाळची पावलं लंगडत, बूट बदललेले, डॉक्टरांचं म्हणणं. आणि शेवटी पुन्हा तेच विचारलं होतं की राहिलेली लांब धाव कुठे भरून काढू.

तुमचं उत्तर मी जसंच्या तसं इथं देते: "बुडालेले किलोमीटर कर्जाच्या हप्त्यासारखे फेडायचे नसतात. ते गेले. आता आहे तिथून पुढे बघायचं." मी पतसंस्थेत काम करते, थकलेले हप्ते वसूल करण्यात माझा दिवस जातो. मला हे पचायला दोन दिवस लागले, सर.

नवीन तक्त्यात पहिले दोन आठवडे धावणंच नव्हतं. भिंतीला टेकून, गुडघा वाकवून, टाच अर्ध्यावर उचलून अर्धा-अर्धा मिनिट धरायची, दुखणं दहापैकी तीनच्या वर न जाऊ देता. ते जमायला लागल्यावर खुर्चीवर बसून, पंजा स्वयंपाकघरातल्या पाटाच्या कडेवर आणि मांडीवर गुडघ्याजवळ ५ किलो तांदळाची पिशवी ठेवून टाचा वर-खाली. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पिशवी पाचाची दहाची झाली तेव्हा सासूबाई शेजारी बसून आकडे मोजायच्या. दम टिकावा म्हणून सायकल, आणि तलावात कमरेला पट्टा बांधून, तळाला पाय न लावता धावल्यासारखे हातपाय हलवणं. पाऊण तास ते केलं की वर आल्यावर चक्कर यायची, इतकं ते कष्टाचं असतं.

धावायला सुरुवात तारखेवर नव्हती, तीन अटींवर होती. अर्धा तास भरभर चालणं बिनदुखतं जमलं पाहिजे. एका पायावर, वाकल्या गुडघ्यानं, वीस वेळा टाच उचलता आली पाहिजे. आणि त्याच पायावर दहा उड्या मारून दुसऱ्या दिवशी सकाळी काही जाणवलं नाही पाहिजे. तिसरी अट ११ डिसेंबरला पूर्ण झाली. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर, सपाटीला, जुन्या बुटांत, दोन मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल, असं दहा वेळा. एक दिवस आड.

१८ डिसेंबरला मी चुकले. पाय हलका वाटला म्हणून शेवटच्या किलोमीटरला वेग वाढवला. पुढच्या सकाळी जिना उतरताना तोच खोल ताण. हे तुमच्यापासून लपवावं असं मनात आलं होतं, हे आज कबूल करते. पण निरोपात सकाळच्या पावलांचा आकडा रोज लिहायचा होता आणि खोटा आकडा लिहायला हात धजेना. तुम्ही रागावला नाहीत. दोन दिवस धाव बंद, मग एक पायरी मागे, एवढंच लिहिलंत. सकाळचा आकडा खाली येईपर्यंत तक्ता तिथंच थांबला.

त्यानंतर २९ डिसेंबरला १८ किलोमीटर आणि ५ जानेवारीला २४. एवढ्यावर लांब धाव संपली. ३० आणि ३२ कधी आलेच नाहीत. घाट नाही, वेगाचा सराव नाही. दोन आठवडे उरलेले असताना ३२ धावून दम वाढत नाही, पण ताजा भरलेला स्नायू पुन्हा फाटू शकतो, हे तुम्ही मला तीन वेळा समजावलंत, कारण मी तीन वेळा विचारलं.

आणि तुम्ही माझ्याकडून एक गोष्ट लिहून घेतलीत, जी कदाचित सगळ्यात कठीण होती. ६ जानेवारीच्या सकाळी वाकल्या गुडघ्यानं टाच उचलताना पोटरी दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखली तर मुंबईला धावणार नाही, पैसे बुडाले तरी. हे मी डिसेंबरमध्येच, डोकं शांत असताना, स्वतःच्या हातानं लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. त्या सकाळी आकडा एक होता. तो चार असता तर मी स्वतःला काय काय समजावलं असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या कागदाचं मोल मला कळतं.

४ तास १५ मिनिटांचं लक्ष्य तुम्ही काढून घेतलंत आणि ४:४० दिलंत. नऊ मिनिटं धाव, एक मिनिट चाल, तेही पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नव्हे. सुरुवातीला अंधारात सगळे पुढे जात असताना चालायला लागणं फार जड गेलं. सी लिंकवर उजाडलं तेव्हा पोटरी शांत होती. परतीला पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ येतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे तो पूर्ण चालले, छोटी पावलं टाकत, टाच टेकवत. आजूबाजूला कितीतरी जण कडेला उभे राहून पोटऱ्या चोळत होते. माथ्यावर पोहोचून मी पुन्हा धावायला लागले आणि शेवटपर्यंत धावले. ४:४३.

सर, तुम्ही त्या रात्री माझ्या मागणीप्रमाणे तक्ता बदलून दिला असता तर मी तो मनापासून पाळला असता, आणि डिसेंबरच्या मध्यावर कुठेतरी रस्त्याकडेला बसले असते. तुम्ही आधी विचारलंत, मग एका रात्रीत नव्हे तर आठ आठवडे रोज माझ्या एका आकड्याची वाट बघितलीत. नोकरी, घर, ग्रुपमधले बाकीचे तीसजण सांभाळून. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. घरच्यांचंही तेच म्हणणं आहे, विशेषतः सासूबाईंचं.

परवा ग्रुपमधल्या एका मुलानं मला विचारलं, पोटरी धरलीय, काय करू? मी तुमचे चार प्रश्न त्याला पाठवले आणि सकाळी बघून तुम्हालाच लिही म्हणून सांगितलं. त्याचा निरोप आला असेल.

तांदळाची पिशवी अजून खुर्चीखालीच आहे. आता १२ किलो, दोन्ही पायांना, पंधराचे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा.

आपली नम्र,
तुमची विद्यार्थिनी
कोल्हापूर