सुन्याचं 'बघू'

सातारा,
१२ जुलै २०२६

पक्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तेही काम आहे म्हणून. शिव्या घालून घे आधी. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच.

सुन्या ग्रुप सोडून गेला ते तू पाहिलं असशीलच. त्याला कारण मी.

गेट-टुगेदरचं मार्चपासून चाललंय आणि ठरत काहीच नाही. म्हणून मागच्या रविवारी वही घेऊन बसलो आणि सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. सुविचार आणि मंद्याचे आंब्याचे फोटो वगळून. तीन रकाने आखले: 'ठरलं', 'अडलं' आणि 'कोणीतरी म्हणालं'. पहिला जवळजवळ कोरा राहिला, तिसऱ्याला दोन पानं पुरेनात.

वैशालीनं एप्रिलमध्ये विचारलं होतं, "२६ ला जमेल का?" अकरा अंगठे आले. मी एकेकाला फोन केला, तर सात जणांच्या डोक्यात २६ डिसेंबर आणि चौघांच्या २६ जानेवारी! हसू नकोस. दहावीच्या प्रतापगड सहलीला "सकाळी सहाला स्टँडवर" एवढाच निरोप कोणी दिला होता? अर्धा वर्ग मोठ्या स्टँडवर, अर्धा राजवाड्यावर, आणि मार मात्र मी खाल्ला. तू अजून कबूल करत नाहीस.

तर २६ डिसेंबर बाद केली. नाताळला जोडून आलेला शनिवार, सगळं पुणं महाबळेश्वरला निघतं, आपली माणसं वाईतच अडकायची. आधीचा शनिवार धरला. अमेरिकेची वर्षा १७ ला पोचतेय, तिलाही चालतंय.

दुसरा घोळ 'आम्ही'चा. "आम्ही नक्की!" असं जोश्या लिहितो तेव्हा ते चौघं असतात, मंद्या लिहितो तेव्हा तो एकटाच असतो (त्याची ऐट तुला माहीत आहे). नावं मोजली तर २३, ताटं विचारली तर ३८. ताटाला साडेतीनशे धरले तर सव्वापाच हजारांचा फरक. वर्गणी नावांवर काढली असती तर तो माझ्या खिशातून गेला असता. आता "येणार का" हे विचारतच नाही, "किती ताटं" विचारतो.

मग रात्री हा मेसेज टाकला:

"ठरलं: शनिवार, १९ डिसेंबर २०२६, सकाळी १० ते संध्याकाळी ५. मंद्याच्या सासऱ्यांचा मळा, वाई.
अजून ठरायचं: मुक्काम करायचा का? ३१ जुलैपर्यंत फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहा. काहीच लिहिलं नाहीत तर 'नाही' धरू.
कामं: जेवण – मंद्या, १५ ऑगस्टपर्यंत दर सांगेल. वर्गणी – वैशाली, ३० सप्टेंबरपर्यंत. सरांना आमंत्रण – नंदू, ऑगस्टअखेर. जुने फोटो – सुन्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत."

आणि पिन केला. ती पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, म्हणजे ऑगस्टात पुन्हा लावायची. लक्षात ठेव, मी विसरणार.

सकाळी सुन्या गायब. फोन केला तर म्हणाला, "मला विचारलंस?" मी म्हटलं, तूच मे महिन्यात लिहिलं होतंस, "फोटोंचं बघू." तो म्हणाला, "बघू म्हणालो होतो. करतो नाही." आणि फोन ठेवला.

पक्या, रागाच्या भरात मीही दोन दिवस त्याला नावं ठेवली. मग वही परत उघडली. मंद्यानं लिहिलं होतं, "जेवण माझ्याकडे." वैशालीनं लिहिलं होतं, "पैसे मी गोळा करते." सुन्याचं तेवढं 'बघू', आणि ते मी तिसऱ्या रकान्यातून उचलून सरळ पहिल्यात घातलं. तारखेसाठी अकरा फोन केले, ह्याला एक केला नाही. वर तारीख जोडून चाळीस जणांसमोर टाकलं. आपल्याकडे 'बघू' म्हणजे निम्म्या वेळा 'नाही'च असतं, हे मला सांगायला कोणी हवं होतं का?

आणि सगळ्या फोटोंत त्याचे अण्णा आहेत रे. प्रत्येक सहलीला कॅमेरा घेऊन तेच असायचे. मागच्याच वर्षी गेले. ते ट्रंकेतले अल्बम सुन्यानं अजून उघडले नसणार. हे मला मेसेज टाकल्यावर सुचलं. तुला आधीच सुचलं असतं.

मी फोटोंची ओळ बदलली. आता तिथे "जुने फोटो – कोण घेईल?" असं आहे, तारीख नाही. तुझं तो ऐकतो. त्याला फोन कर, पण फोटोंचं काढू नकोस. फक्त विचार, किती ताटं.

नागपूरचं घर लागलं का? चिनूची बारावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार. तू मुक्कामाचं अजून लिहिलेलं नाहीस, ३१ ला मी तुला 'नाही'त धरणार आहे.

तुझा,
नंदू